कायमस्वरूपी शिष्यवृत्तीला किती पैसे लागतात?

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मला एक स्मृती-शिष्यवृत्ती मिळाली होती. कॉलेजच्या वार्षिक समारंभात नाव पुकारलं गेलं, मंचावर जाऊन पाकीट घेतलं, फोटो निघाला. पाकिटात ३५० रुपयांचा धनादेश होता. तो वटवायला शहरातल्या शाखेत जाण्या-येण्याचं एसटीचं भाडं ९० रुपये झालं. त्या दिवशी मी मित्रांसोबत खूप हसलो. नंतर कार्यालयातल्या जुन्या फाइलीत त्या शिष्यवृत्तीचा कागद पाहायला मिळाला आणि हसू थांबलं. १९८१ साली एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाने मुलाच्या आठवणीत ५,००० रुपये कॉलेजकडे ठेवले होते. ‘या रकमेच्या व्याजातून दरवर्षी एका गरीब मागासवर्गीय विद्यार्थ्यास कायमस्वरूपी शिष्यवृत्ती द्यावी’, असं त्यात लिहिलं होतं. तेव्हा ठेवीवर दहा टक्क्यांच्या आसपास व्याज मिळे, म्हणजे वर्षाला ५०० रुपये. त्या काळी खेड्यातून आलेल्या मुलाची वर्षभराची पुस्तकं आणि खोलीभाड्याचा काही भाग त्यात निघत असणार. माझ्यापर्यंत येताना व्याजदर सातवर आला होता, मुद्दल मात्र तेच ५,००० होतं.

त्या मास्तरांनी स्वतःचे कित्येक महिन्यांचे पगार दिले होते. त्यांना कुणी फसवलं नव्हतं, पैसेही कुणी खाल्ले नव्हते. कॉलेजने शब्द न् शब्द पाळला होता. तरीही शिष्यवृत्ती मेली होती आणि दरवर्षी तिच्या मढ्याला हार घातला जात होता.

हे आज आठवायचं कारण असं. आमच्या वस्तीतून शिकून नोकरीला लागलेल्या आम्हा चाळीसेक जणांचा एक गट आहे. कुणी पुण्यात, कुणी हैदराबादला, दोघं दिल्लीत. यंदा १४ एप्रिलला सगळे गावी जमलो तेव्हा विहारात बसून ठरलं की, वस्तीतल्या पहिल्या बी.एड. झालेल्या बाईंच्या नावाने दरवर्षी एका मुलीला २०,००० रुपयांची शिष्यवृत्ती द्यायची आणि ती कायम चालली पाहिजे. आमचे खजिनदार काका एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले आहेत, आयुष्यभर त्यांचा हिशेब एका रुपयाने चुकलेला नाही. त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, “सात टक्के धरा. दोन लाख शहाऐंशी हजार बँकेत टाकले की वर्षाला वीस हजार सुटतात. मुद्दलाला हात लावायचा नाही. झालं कायमचं.” टाळ्या पडल्या. मला मात्र ३५० रुपयांचा धनादेश दिसत होता.

काकांचं गणित चुकलेलं नाही. २०,००० ला ०.०७ ने भागलं की २,८५,७१४ येतात. दरवर्षी तेवढीच रक्कम अनंत काळ देत राहायची असेल तर एवढं मुद्दल पुरतं. फक्त या उत्तरात २०,००० रुपये हे कायम २०,००० च राहतात, आणि मुलीची मेस, खोली आणि परीक्षा शुल्क मात्र दरवर्षी चढत जातं. महागाई पाच टक्के धरली तर चौदा वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते. वीस वर्षांनी आपण जे वीस हजार देऊ, त्यात आजच्या साडेसात हजारांचंच सामान येईल. आमच्या गटातल्या एखाद्याची मुलगी तोवर कॉलेजला जाईल आणि तिच्या बरोबरीच्या वस्तीतल्या मुलीला मंचावर पाकीट मिळेल.

म्हणून प्रश्न बदलावा लागतो. वीस हजारांचं मोल कायम ठेवायचं असेल, म्हणजे शिष्यवृत्ती दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढवायची असेल, तर किती लागतील? इथे एकच सूत्र लागतं, आणि ते शाळेतल्या भागाकाराएवढंच अवघड आहे:

निधी = पहिल्या वर्षीची शिष्यवृत्ती ÷ (व्याजदर − वाढीचा दर)

सातातून पाच गेले, उरले दोन. २०,००० भागिले ०.०२ म्हणजे १०,००,०००. काकांच्या आकड्याच्या साडेतीन पट. विहारात मी हे सांगितलं तेव्हा कुणाला पटेना. एक दादा म्हणाले, “दहा लाखांवर सत्तर हजार व्याज येतं. वीस हजार देऊन उरलेले पन्नास हजार काय करायचे, लोणचं घालायचं?” सगळी गोम या पन्नास हजारांतच आहे. त्यामुळे फळ्यावर दोन वर्षं मांडून दाखवली.

पहिल्या वर्षाअखेर दहा लाखांवर ७०,००० व्याज आलं. २०,००० मुलीला दिले. ५०,००० मुद्दलात परत टाकले. मुद्दल झालं १०,५०,०००, म्हणजे बरोबर पाच टक्क्यांनी वाढलं. दुसऱ्या वर्षी त्यावर व्याज ७३,५००. शिष्यवृत्ती आता २१,०००. उरलेले ५२,५०० मुद्दलात गेले, मुद्दल ११,०२,५००. पुन्हा पाच टक्के वाढ. हे असंच चालत राहतं, निधी आणि शिष्यवृत्ती दोन्ही महागाईच्या बरोबरीने चढतात. म्हणजे ते पन्नास हजार आपली कमाई नव्हतेच. वर्षभरात महागाईने दहा लाखांना जेवढं कुरतडलं, तेवढ्याची ती भरपाई होती. दहा लाखांची खरी कमाई फक्त वीस हजार. जो सगळं व्याज वाटतो तो मुद्दलाला हात लावत नाही असं त्याला वाटतं, पण प्रत्यक्षात तो दरवर्षी मुद्दलाचा एक तुकडा वाटत असतो. माझ्या कॉलेजच्या त्या ५,००० रुपयांचं हेच झालं.

एक बारकी गोष्ट: या हिशेबात पहिली शिष्यवृत्ती पैसे ठेवल्यानंतर एका वर्षाने दिली जाते. उद्घाटनाच्याच दिवशी द्यायची हौस असेल तर त्या दिवसाचे २०,००० वेगळे लागतात आणि पुढच्या वर्षीचे २१,००० असल्यामुळे निधी १०,५०,००० लागतो. एकूण १०,७०,०००. स्टेज, फोटो आणि पाहुण्यांच्या आग्रहाची किंमत ७०,००० रुपये.

आता सूत्रातल्या कंसाकडे नीट पाहू, कारण जीव तिथे अडकलेला आहे. सात आणि पाच हे आकडे स्वतः महत्त्वाचे नाहीत, त्यांच्यातलं अंतर महत्त्वाचं आहे. अंतर तीन टक्के असेल तर शिष्यवृत्तीच्या सुमारे तेहतीस पट निधी लागतो, म्हणजे ६,६७,०००. दोन टक्के असेल तर पन्नास पट. एक टक्का असेल तर शंभर पट, म्हणजे वीस लाख. एका टक्क्याच्या फरकाने निधी दुप्पट होतो. आणि अंतर शून्य झालं, म्हणजे शिक्षणाचा खर्च व्याजाच्याच वेगाने वाढू लागला, तर कुठलाही आकडा पुरत नाही. एक कोटी ठेवले तरी त्यांची खरी कमाई शून्य. ही नुसती कल्पना नाही. २०२० मध्ये मोठ्या बँकांचे दीर्घ मुदतीच्या ठेवींचे दर साडेपाच टक्क्यांच्या आसपास उतरले होते आणि किरकोळ महागाई सहाच्या वर होती. त्या वर्षी मुदत ठेवीवर जगणारी प्रत्येक शिष्यवृत्ती, तिने एक रुपया वाटला नसता तरीही, आतून झिजत होती.

यात कर धरला की चित्र आणखी बिघडतं. आमच्यासारखे गट सहसा नोंदणी करत नाहीत, ठेव कुणा विश्वासू माणसाच्या नावावर ठेवतात. समजा त्या माणसाला वीस टक्के कर लागतो. मग सात टक्क्यांचे हातात राहतात ५.६. त्यातून पाच गेले की उरतं ०.६. आता २०,००० ला ०.००६ ने भागून पाहा: तेहतीस लाखांच्या वर जातं. तीच शिष्यवृत्ती, तीच बँक, फक्त ठेव व्यक्तीच्या नावावर असल्यामुळे दहाचे तेहतीस लाख. शिवाय तो माणूस उद्या वारला तर पैसे कायद्याने कुणाचे, हा प्रश्न वेगळाच.

नोंदणीकृत न्यास केला तर करातून सूट मिळते, पण तिथे दुसरा खिळा आहे. धर्मादाय न्यासाला करमाफी टिकवायची तर वर्षाच्या उत्पन्नाचे साधारण ८५ टक्के उद्दिष्टावर खर्च करावे लागतात, १५ टक्के विनाअट शिल्लक टाकता येतात. त्याहून जास्त साठवायचे तर हेतू आणि मुदत सांगून वेगळा अर्ज भरावा लागतो. आपल्या हिशेबात तर ७०,००० पैकी ५०,००० परत मुद्दलात घालायचे आहेत, म्हणजे एकाहत्तर टक्के. कायदा असं धरून चालतो की व्याज म्हणजे उत्पन्न. महागाईची भरपाई असं काही खातं त्याच्या वहीत नाही. न्यास लहान आहे आणि त्याचं सगळं उत्पन्न मिळून करपात्र मर्यादेच्या खालीच आहे, तोवर याचा फारसा जाच होत नाही. निधी मोठा होऊ लागला की होतो. देणगी घेतानाच ती कायम निधीसाठी आहे असं देणगीदाराकडून लेखी घ्यावं लागतं, नाहीतर ती देणगीही त्या वर्षीचं उत्पन्न धरली जाऊ शकते. हे काम सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय करू नये, एवढंच मी सांगू शकतो. माझा विषय समाजशास्त्र आहे.

मुदत ठेवीपलीकडे पैसे ठेवले तर? जगातल्या सर्वांत प्रसिद्ध कायम निधीची गोष्ट इथे कामाची आहे. आल्फ्रेड नोबेल यांनी १८९५ च्या मृत्युपत्रात आपली संपत्ती सुरक्षित रोख्यांत गुंतवून तिच्या उत्पन्नातून बक्षिसं द्या असं लिहिलं. सुमारे तीन कोटी दहा लाख स्वीडिश क्रोनर एवढा तो निधी होता. १९०१ मध्ये एक बक्षीस दीड लाख क्रोनरच्या आसपास होतं. सुरक्षित रोखे, महागाई आणि जबर कर यांमुळे १९२३ मध्ये ते सव्वा लाखाच्याही खाली आलं. १९४६ मध्ये करमाफी मिळाली, १९५३ मध्ये समभाग आणि स्थावर मालमत्तेत पैसे गुंतवायची मोकळीक मिळाली, आणि बक्षिसाचं १९०१ एवढं खरं मोल परत यायला १९९१ साल उजाडलं. नव्वद वर्षं. पुढे २०१२ मध्ये पुन्हा बक्षीस एक कोटीवरून ऐंशी लाख क्रोनरवर आणावं लागलं. नोबेलकडे तज्ज्ञांची फौज आहे, तरी ही गत. आपल्याकडे न्यासांना थेट समभाग घेता येत नाहीत, पण म्युच्युअल फंडाची युनिट घेण्याची वाट आयकर कायद्यात आहे. महाराष्ट्रात नोंदणी असेल तर त्याशिवाय धर्मादाय आयुक्तांच्या नियमांतूनही जावं लागतं. ती वाट दीर्घकाळात कंसातलं अंतर वाढवू शकते, पण मध्येच एखाद्या वर्षी निधी वीस-तीस टक्क्यांनी खाली येऊ शकतो. पहिल्याच दोन वर्षांत तसं झालं आणि शिष्यवृत्ती देणं चालूच ठेवलं, तर घसरलेल्या भावात युनिट विकावी लागतात आणि ती तूट पुढे सहजी भरून येत नाही. म्हणून मोठे निधी शिष्यवृत्ती ठरवताना त्या वर्षीचं व्याज पाहत नाहीत. मागच्या तीन वर्षांच्या निधीच्या सरासरीचे तीन-चार टक्के काढतात. आमच्या विहारातल्या बैठकीत बाजार पडल्यावर खजिनदारावर काय वेळ येईल हे मला माहीत आहे. त्यामुळे यात आग्रह धरायला मी कचरतो.

इथवर सगळं गणित झालं. माझं मत याच्या पुढचं आहे, आणि ते गटात अनेकांना रुचलेलं नाही. मला वाटतं, आपल्यापैकी बहुतेकांनी ‘कायमस्वरूपी’चा नाद सोडावा.

ज्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या जमीन आणि बाजारपेठेतले गाळे राहिले, त्यांच्या न्यासांना कायमपण परवडतं, कारण भाडं आणि जमिनीचा भाव महागाईबरोबर आपोआप चढतो. आपल्याकडे जमीन नव्हती. आपल्या हातात पहिल्यांदाच आलेली गोष्ट म्हणजे पगार. आणि इथे मजा आहे: पगारही महागाईबरोबर चढतो. आमचे चाळीस जण दरमहा पाचशे रुपये देऊ शकतात, वर्षाचे २,४०,०००. त्यात वीस हजारांच्या बारा शिष्यवृत्त्या होतात, या वर्षीच. तेवढ्याच बारा शिष्यवृत्त्या कायम निधीतून द्यायच्या तर पन्नास पटीच्या हिशेबाने एक कोटी वीस लाख लागतील. म्हणजे आम्ही चाळीस नोकरदार मिळून चालताबोलता सव्वा कोटीचा निधी आहोत. तो सोडून आम्ही २,८६,००० च्या ठेवीच्या मागे लागलो होतो.

याला उत्तर आलं ते एका ताईकडून, आणि ते खोडून काढणं सोपं नाही. त्या म्हणाल्या, “माणसं थकतात. पहिल्या वर्षी चाळीस देतात, तिसऱ्या वर्षी पंधरा. आपल्या किती संघटना दुसऱ्या पिढीपर्यंत पोचल्या? बँकेत पडलेला पैसा निदान भांडत तरी नाही.” हे खरं आहे. मी स्वतः दोनदा हप्ता चुकवला आहे. त्यांचं दुसरं म्हणणं मला जास्त लागलं: “दुसऱ्यांच्या नावाच्या शिष्यवृत्त्या शंभर वर्षं चालतात, आपल्या बाईंचं नाव का चालू नये?” नावाचा प्रश्न आपल्याकडे भावनेचा नाही, हक्काचा आहे. पण मास्तरांच्या मुलाचंही नाव चाललंच होतं, ३५० रुपयांवर.

एक मधला मार्ग आहे, तो म्हणजे मुदत आधीच जाहीर करायची. काकांचे २,८६,००० घ्या आणि शिष्यवृत्ती दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढवत न्या. निधी हळूहळू संपेल. सतरा मुलींना पूर्ण मोलाची शिष्यवृत्ती मिळेल आणि अठराव्या वर्षी थोडी रक्कम उरेल. सतरा मुली, प्रत्येकीला आजच्या वीस हजारांएवढं. मला हा करार जास्त प्रामाणिक वाटतो.

यात आणखी एक पोटप्रश्न लपलेला आहे, तो बहुतेक ठरावांत सुटतो. शिष्यवृत्ती एका वर्षाची की पूर्ण पदवीची? सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये बाबासाहेबांना कोलंबियासाठी शिष्यवृत्ती दिली ती दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. तिने काय घडवलं ते आपण जाणतो. तिची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं, हेही जाणतो. दरवर्षी नवी मुलगी निवडून तिला एकदाच वीस हजार द्यायचे, तर दुसऱ्या वर्षी ती काय करणार? निवडलेल्या मुलीला पदवीची तिन्ही वर्षं द्यायचं ठरलं तर तिसऱ्या वर्षापासून एकाच वेळी तीन मुली असतात. वर्षाचा खर्च साठ हजार आणि कायम निधी दहाऐवजी तीस लाखांच्या घरात. पैसे तेवढेच असतील तर मी दरवर्षी नवी मुलगी निवडणार नाही. तीन वर्षांतून एकच निवडीन आणि ती पदवी घेईपर्यंत तिच्यासोबत राहीन. फोटो कमी निघतील.

आणि निधी कॉलेजकडेच द्यायचा असेल, तर करारनाम्यातल्या एका वाक्यावर अडून बसावं. ‘व्याजातून शिष्यवृत्ती द्यावी’ असा छापील मजकूर समोर येतो. त्याऐवजी असं लिहून घ्यावं: वर्षाच्या व्याजातून आधी महागाईच्या दराएवढी रक्कम मुद्दलात जमा करावी, उरलेलीतून शिष्यवृत्ती द्यावी, आणि ती अमुक रकमेच्या खाली गेली तर दोन वर्षांचं व्याज एकत्र करून एकदा द्यावी. शेवटच्या अटीमुळे निदान ३५० रुपयांचे धनादेश निघत नाहीत. लिपिक म्हणेल, असा मजकूर चालत नाही. तेव्हा तो कुठल्या नियमाने चालत नाही, हे लेखी मागावं.

आमच्या गटाचं अजून ठरलेलं नाही. मागच्या रविवारी फोनवरच्या बैठकीत एवढं झालं की हप्त्यातून यंदा आठ मुलींना प्रत्येकी वीस हजार द्यायचे आणि उरलेले ऐंशी हजार बाजूला टाकायचे. त्या ठेवीला नाव काय द्यायचं यावर अर्धा तास गेला. काकांनी वहीत आधी ‘कायम निधी’ लिहिलं होतं. मग ते खोडलं, पेन्सिलने ‘बाईंचा निधी, १७ वर्षे’ असं लिहिलं आणि मला विचारलं, “हे पाच टक्के महागाई तू कुठून धरली रे? आमच्याकडे तर डाळ गेल्या वर्षी कितीने वाढली ते बघ.”